नेदरलँड्सचं एकच गिऱ्हाईक

डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या नवख्या मुलांच्या रेझ्युमेत एक ओळ हमखास भेटते. ‘पायथन, एसक्यूएल आणि पॉवर बीआय वापरून ऑनलाइन रिटेल डेटाचं विश्लेषण केलं व व्यवसायासाठी महत्त्वाचे इनसाइट्स काढले.’ गाव बदलतं, कॉलेज बदलतं, ही ओळ बदलत नाही. कधी रिटेलच्या जागी टायटॅनिकचे प्रवासी येतात, कधी आयपीएलचे सामने. वाचणाऱ्याला त्यातून इतकंच कळतं की या मुलानं तीन सॉफ्टवेअरं उघडली होती. प्रश्न काय होता आणि उत्तर काय आलं, याचा पत्ता नाही.

प्रोजेक्टच्या बुलेटमध्ये चार गोष्टी हव्यात हे आता बहुतेकांना ठाऊक असतं: अडचण काय होती, कोणती साधनं वापरली, पद्धत कोणती आणि निघालं काय. क्लासवालेही हे फळ्यावर लिहून देतात. खरी पंचाईत पुढे होते, कारण या चार गोष्टी दोन ओळींत बसवायच्या असतात आणि मुलाखतीत कुणी बोट ठेवलं तर त्यातला प्रत्येक शब्द टिकावा लागतो. ते कसं जमतं हे एकाच प्रोजेक्टवर सावकाश बघू. रेझ्युमे इंग्रजीतच द्यावा लागतो हे खरं, पण इथे बुलेट मराठीत लिहिणार आहे. काय म्हणायचं ते आपल्या भाषेत पक्कं झालं की इंग्रजी वाक्य करायला फार वेळ लागत नाही. गोंधळ असतो तो त्याच्या आधीच.

प्रोजेक्टसाठी घेऊ तोच डेटा, जो हजारो मुलं घेतात. यूसीआयच्या मशीन लर्निंग भांडारात ‘Online Retail’ नावाची एक फाइल फुकट मिळते. लंडन साउथ बँक विद्यापीठातल्या डाकिंग चेन यांनी ती तिथे ठेवली. इंग्लंडमधल्या एका ऑनलाइन दुकानाचे हे व्यवहार आहेत. भेटवस्तू विकणारं दुकान, प्रत्यक्ष शोरूम नाही, आणि गिऱ्हाइकांत घाऊक व्यापारी बरेच. १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ एवढ्या काळातल्या ५,४१,९०९ ओळी, आठ रकाने: बिलाचा क्रमांक, मालाचा कोड, वर्णन, नग, तारीख, दर, ग्राहकाचा क्रमांक आणि देश. ही फाइल इतकी वापरून झाली आहे की मुलाखत घेणाऱ्याने ती पाहिलेली असण्याची शक्यता भरपूर. अनेकांना ही अडचण वाटते. माझ्या मते हा फायदा आहे, कारण समोरच्याला या डेटातले खड्डे माहीत असतात आणि तुम्ही त्यांतला एखादा ओळखून ओलांडला असेल तर ते त्याला लगेच दिसतं.

आता अडचण. फाइलला स्वतःची अडचण नसते, ती आपण ठरवायची असते. ‘विक्रीचं विश्लेषण’ ही काही अडचण झाली नाही. कुणाला तरी काहीतरी ठरवायचंय आणि कसं ठरवावं ते कळत नाही, ही अडचण. या दुकानासाठी असा एक प्रश्न सहज सुचतो. माल ३८ वेगवेगळ्या देशनावांखाली विकला जातो, पण निव्वळ विक्रीतली सुमारे ८४ टक्के ब्रिटनमधलीच आहे. मग परदेशात जाहिरातीवर थोडे पैसे घालायचे झाले, तर आधी कुठल्या देशात? प्रश्न असा मांडला की निम्मं काम होतं, कारण आता उत्तर एखाद्या देशाच्या नावानंच द्यावं लागणार. ‘इनसाइट्स’ म्हणून सुटता येणार नाही.

उत्तर काढायला पहिली क्वेरी कुणीही लिहील: देशनिहाय विक्रीची बेरीज. ती उतरत्या क्रमाने लावली की ब्रिटनखाली नेदरलँड्स येतो, सुमारे २ लाख ८४ हजार पौंड. मग आयर्लंड, २ लाख ६३ हजार. जर्मनी २ लाख २१ हजार, फ्रान्स १ लाख ९७ हजार. इथे बहुतेक प्रोजेक्ट संपतात. रंगीत नकाशा काढला जातो, नेदरलँड्स गडद होतो आणि रेझ्युमेत ओळ पडते: ‘नेदरलँड्स ही सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ असल्याचं शोधून काढलं.’

क्वेरीत एकच रकाना वाढवा.

```sql
SELECT Country,
       COUNT(DISTINCT CustomerID) AS customers,
       ROUND(SUM(Quantity * UnitPrice)) AS net_sales
FROM online_retail
GROUP BY Country
ORDER BY net_sales DESC;
```

नेदरलँड्ससमोर ग्राहकांची संख्या येते ९. जर्मनीसमोर ९५, फ्रान्ससमोर ८७. आयर्लंडसमोर तर ३. नऊ जणांत पावणेतीन लाखांवर पौंड? मग त्या नऊ जणांकडे एकेक करून बघावंसं वाटतं, आणि 14646 या क्रमांकाचं एकच गिऱ्हाईक सापडतं. त्याची निव्वळ खरेदी २,७९,४८९ पौंड. म्हणजे नेदरलँड्सच्या विक्रीपैकी ९८ टक्के. उरलेले आठ जण मिळून जेमतेम पाच हजार पौंडांचे धनी. नेदरलँड्स ही बाजारपेठच नाही, तो एक माणूस आहे. बहुधा कुणी घाऊक व्यापारी. त्याला सांभाळायला एक चांगला सेल्समन पुरे, जाहिरात करून काय मिळणार?

प्रोजेक्टमध्ये सांगण्यासारखं जे होतं ते हे. आता बुलेट लिहायला घेऊ. पहिल्या हाताला काहीसं असं येतं:

‘ऑनलाइन रिटेल क्षेत्रातील ५,४१,९०९ ओळींच्या मोठ्या डेटासेटवर पायथन, पँडाज, एसक्यूएल, एक्सेल आणि पॉवर बीआय यांचा प्रभावी वापर करून डेटा क्लीनिंग, एक्सप्लोरेटरी अ‍ॅनालिसिस आणि व्हिज्युअलायझेशन यशस्वीरीत्या पूर्ण केलं, देशनिहाय विक्रीचा सखोल अभ्यास केला आणि नेदरलँड्समधील विक्री एका ग्राहकावर अवलंबून असल्याचा महत्त्वपूर्ण निष्कर्ष काढला.’

मुद्दा यात आहे, पण शेवटच्या सहा-सात शब्दांत. रेझ्युमे चाळणारा तिथवर पोचेल याची खात्री नाही. म्हणून कात्री. ‘प्रभावी’, ‘यशस्वीरीत्या’, ‘सखोल’, ‘महत्त्वपूर्ण’ हे चार शब्द आधी जातात. ते कुणीही कशालाही लावू शकतो, त्यामुळे ते काही सांगत नाहीत. ‘मोठ्या’ही जातो, कारण आकडा शेजारीच आहे (आणि खरं सांगायचं तर पाच लाख ओळी आजच्या हिशेबाने मोठ्या नाहीतच, एक्सेलच्या एका शीटमध्येसुद्धा मावतात). ५,४१,९०९ ऐवजी ५.४ लाख पुरेसं. वरच्या १,९०९ ओळींनी कुणाचं काही बिघडत नाही.

साधनांचं काय करायचं? पाच नावांची रांग लावायची मुलांना फार हौस, आणि त्यामागे एक कारणही आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात, नेमलेल्या भरती करणाऱ्याला त्यात शब्द शोधता येतात, आणि ‘SQL’ किंवा ‘Power BI’ रेझ्युमेत नसेल तर नाव वर येत नाही. पण ते शब्द कौशल्यांच्या वेगळ्या रकान्यात लिहिता येतात, ते तिथेच शोभतात. बुलेटमध्ये फक्त तेवढंच साधन ठेवावं, ज्याने उत्तर काढलं, आणि तेही आपण त्याने काय केलं याला चिकटून. ‘एसक्यूएल वापरलं’ यापेक्षा ‘एसक्यूएलने देशनिहाय निव्वळ विक्री आणि ग्राहकसंख्या शेजारी मांडली’ हे वाचलं की साधन आणि पद्धत एकाच घासात मिळतात. वेगळ्या जागेची गरज राहत नाही.

पद्धतीबद्दल जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त पाणी इथे घातलं जातं. ‘डेटा क्लीनिंग केलं, गाळलेल्या नोंदी हाताळल्या’ ही पद्धत नव्हे, ती दिनचर्या. ती सगळेच करतात. बुलेटमध्ये जागा मिळवण्याचा हक्क त्या एका निर्णयाला आहे, ज्याने उत्तर बदललं. तो ओळखायची युक्ती सोपी आहे: ते पाऊल उचललं नसतं तर निष्कर्ष वेगळा आला असता का, असं स्वतःला विचारायचं. आपल्या प्रश्नात विक्रीशेजारी ग्राहकांची संख्या मांडणं, हे ते पाऊल. त्याशिवाय नेदरलँड्स पहिला येत होता, त्यामुळे तो बाद झाला.

या फाइलमध्ये रद्द झालेली बिलं आहेत. त्यांचे क्रमांक C अक्षराने सुरू होतात आणि नग ऋण असतात. ती कशी हाताळली हे सांगावंसं वाटणारच. पण देशांच्या प्रश्नात त्याने फारसं काही हलत नाही. नेदरलँड्सची विक्री रद्द बिलांसह मोजा वा वगळून, फरक हजार पौंडांच्या आत. म्हणून ते या बुलेटमध्ये नको. राहिलं ते हे:

‘ब्रिटिश भेटवस्तू-विक्रेत्याच्या ५.४ लाख व्यवहार-ओळींवरून जाहिरातीसाठी परदेशी बाजारपेठ निवडण्याचा प्रश्न तपासला. एसक्यूएलने देशनिहाय निव्वळ विक्री व ग्राहकसंख्या शेजारी मांडल्यावर अव्वल आलेल्या नेदरलँड्सची ९८ टक्के विक्री एकाच ग्राहकाची निघाली. त्याऐवजी जर्मनी (९५ ग्राहक) आणि फ्रान्स (८७) सुचवले.’

इंग्रजीत ही दोन-अडीच ओळींत बसते. ‘इनसाइट’ हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याच्या भुवया ‘९८ टक्के’पाशी थोड्या वर जातात. आणखी कापायचं झालं तर कंस जातील, पण मी ते ठेवीन. जर्मनी-फ्रान्स का सुचवले याचं कारण त्यांच्यातच आहे.

रद्द बिलं मात्र वाया घालवायची नाहीत. दुसऱ्या प्रश्नात तीच मुख्य गोष्ट होते. समजा प्रश्न असा: दुकानाची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं कोण, ज्यांना वर्षअखेरीला खास सवलत द्यावी? इंटरनेटवरच्या असंख्य धड्यांत पहिलं पाऊल सांगितलेलं असतं ते ऋण नग असलेल्या ओळी टाकून देण्याचं, `Quantity > 0`. मुलं ते मुकाट्याने करतात. मग यादी बनते आणि तिच्यात चौथ्या क्रमांकावर 16446 नावाचा ग्राहक येतो, खरेदी १,६८,४७२ पौंड.

या ग्राहकाचं काय झालं होतं ते बिलंच सांगतात. ९ डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे फाइलच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सव्वानऊला त्याच्या नावावर एका कागदी चिमणीच्या खेळण्याचे ८०,९९५ नग लागले, बिल क्रमांक 581483. बारा मिनिटांनी तेच बिल रद्द झालं, C581484. कुणीतरी आकडा चुकीचा टाइप केला असावा. ऋण ओळी फेकल्या की रद्द केल्याची नोंद जाते आणि न झालेली विक्री मागे उरते. दोन्ही एकमेकांत वजा केल्या तर या गिऱ्हाइकाची वर्षभराची खरेदी उरते २ पौंड ९० पेन्स. वरच्या यादीतला चौथा माणूस पार तळाला.

इथे पद्धतीतला निर्णय स्वतःच निष्पत्ती घेऊन येतो, त्यामुळे बुलेट आटोपशीर होते: ‘सवलतीसाठी अव्वल ग्राहक निवडताना रद्द बिलं गाळण्याऐवजी मूळ बिलांतून वजा केली (पँडाज), चौथ्या क्रमांकावरचा ग्राहक १.६८ लाख पौंडांवरून २.९० पौंडांवर आला आणि यादीतून बाद झाला.’ मुलाखत घेणाऱ्याने ही फाइल पाहिली असेल तर तो इथे थांबणारच. पाहिली नसेल तरी, धड्यात सांगितलेलं पाऊल या उमेदवाराने डोळे मिटून टाकलेलं नाही, हे त्याला कळतं.

आणि मग तो विचारेल. बुलेट ही प्रश्नाला दिलेली निमंत्रणपत्रिका असते, हे लिहिताना विसरायचं नाही. या दोन ओळींवर पहिला प्रश्न कोणता येईल याचा मला अंदाज आहे: ‘ग्राहकांचा क्रमांक सगळ्या ओळींत आहे का?’ नाही. १,३५,०८० ओळींत तो रकाना रिकामा आहे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. विक्रीच्या रकमेत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के. मग ‘अव्वल ग्राहक’ म्हणजे क्रमांक नोंदलेल्या ४,३७२ जणांतले अव्वल. बाकीच्यांत कुणी मोठा दडलाय का ते या डेटावरून सांगता येत नाही. हे बुलेटमध्ये लिहायला जागा नाही, पण तोंडात तयार हवं. नेदरलँड्सच्या बाबतीत उत्तर आणखी चोख आहे: तिथल्या २,३७१ ओळींपैकी एकीतही क्रमांक गाळलेला नाही, त्यामुळे ९८ टक्के हा आकडा त्या बाजूने हलत नाही. आयर्लंडमध्ये मात्र काही ओळी निनावी आहेत, म्हणून ‘तीन ग्राहक’ म्हणताना ‘नोंदलेले’ हा शब्द जोडावा लागतो.

याच फाइलमधला आणखी एक सापळा सांगतो, कारण तो रेझ्युमेंमध्ये खरोखर छापून येतो. महिन्यानुसार विक्रीचा आलेख काढला की नोव्हेंबर २०११ मध्ये शिखर दिसतं, १४ लाख ६० हजार पौंडांच्या वर, आणि डिसेंबरमध्ये रेषा कोसळून ४ लाख ३३ हजारांवर येते. मग ओळ पडते: ‘डिसेंबरमध्ये विक्रीत ७० टक्के घसरण ओळखली व उपाय सुचवले.’ नाताळाच्या महिन्यात भेटवस्तूंच्या दुकानाची विक्री घसरली, एवढं वाचूनच पाल चुकचुकायला हवी. कारण साधं आहे: फाइल ९ डिसेंबरला संपते. घसरण विक्रीत नाही, कॅलेंडरात आहे. निष्पत्तीचा आकडा लिहिण्याआधी त्याचा छेद काय आहे, किती दिवसांचा, कितीजणांचा, कशाच्या तुलनेत, हे एकदा मोठ्याने म्हणून बघावं. ‘७० टक्के घसरण, एकतीस दिवसांच्या जागी नऊ दिवस मोजून’, असं म्हटल्यावर बोट आपोआप बॅकस्पेसवर जातं.

आता नोकरीत असलेल्यांचं. त्यांच्याकडे प्रश्न खरा असतो, डेटा खरा असतो आणि मोह वेगळा असतो. गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेल्या लास्लो बॉक यांनी रेझ्युमेच्या ओळीसाठी एक साचा सांगितला होता: ‘अमुक साध्य केलं, ते तमुक मापाने मोजलं, आणि ढमुक करून मिळवलं.’ तो भरपूर फिरला आणि विक्री विभागातल्या माणसाला तो चपखल बसतो. अ‍ॅनालिस्टला तो तसाच लावला की घोळ होतो, कारण अ‍ॅनालिस्ट सहसा स्वतः काही साध्य करत नाही. तो दाखवतो. करतो दुसरा कुणीतरी. साचा मात्र साध्य मागतो, मग दुसऱ्याचं यश उचलून आपल्या खात्यावर टाकलं जातं.

समजा, पुण्यातल्या एका औषध-वितरकाकडे कुणी एमआयएसचं काम करते. चौदा शाखा आहेत. मुदत संपल्यामुळे परत येणारा माल वाढत चाललाय, मालक वैतागलेत. तिने वर्षभराच्या परताव्याच्या नोंदी बिलांशी जुळवल्या आणि दिसलं की निम्म्याहून जास्त परतावा तीनच शाखांतून येतोय. तिथे जुनी बॅच मागे राहून नवी आधी जातेय. गोदामाच्या व्यवस्थापकाने पाठवणीचा नियम बदलला. पुढच्या तिमाहीत परतावा १८ टक्क्यांनी उतरला. (ही सगळी उदाहरणादाखलची रचना आहे, आकडेही.)

रेझ्युमेत ती लिहिते: ‘मुदतबाह्य मालाचा परतावा १८ टक्क्यांनी कमी केला.’ मुलाखतीत विचारतात, ‘तुम्ही कसा कमी केलात?’ आणि खरं उत्तर ‘मी नाही, गोदामाने’ असं असतं. ते म्हणताना तिचा चेहरा पडतो, आणि जे काम तिने खरंच चोख केलं होतं तेही संशयात जातं. त्याऐवजी क्रियापदं माणसागणिक वाटून द्यावीत: ‘चौदा शाखांच्या परताव्याच्या नोंदी एक्सेल-पॉवर क्वेरीत बॅचवार जुळवून निम्म्याहून अधिक मुदतबाह्य माल तीन शाखांतून येत असल्याचं दाखवलं, त्यावरून गोदामाने जुनी बॅच आधी पाठवण्याचा नियम लावला, पुढील तिमाहीत परतावा मागील वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा १८ टक्के कमी.’ तिने दाखवलं, गोदामाने नियम लावला, परतावा उतरला. तिघांचं तिघांना. तिचं महत्त्व यात कमी होत नाही, उलट तिच्या कामावरून कुणीतरी निर्णय घेतला हे कळतं, आणि अ‍ॅनालिस्टच्या कामाचं याहून चांगलं प्रशस्तिपत्रक दुसरं नसतं.

‘मागील वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा’ हे शब्द लांबतात, पण कापू नयेत. पावसाळ्यात खोकल्याची औषधं वेगळ्या गतीने उठतात; एप्रिल-जूनची तुलना जुलै-सप्टेंबरशी केली तर १८ टक्क्यांतले किती नियमामुळे आणि किती ऋतूमुळे, कुणाला सांगता येईल? तरीही नियमामुळेच उतरला असं छातीठोक म्हणता येत नाही, म्हणून वाक्यात ‘मुळे’ नाही. नियम लागला, पुढे परतावा कमी झाला, एवढंच आहे. सूज्ञ वाचणारा हा फरक टिपतो.

वेळ वाचवल्याचे आकडे त्यामानाने सोपे, कारण ते आपल्याच हातातले असतात. रोज सकाळी शाखांच्या फाइली हाताने चिकटवायला अडीच तास लागायचे, पॉवर क्वेरीने ते वीस मिनिटांवर आले, यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही. फक्त जुना वेळ खरंच मोजला होता का, की आठवणीतून वाढवून सांगितला, एवढं आधी तपासावं. आठवणीतला त्रास नेहमी प्रत्यक्षापेक्षा लांब असतो.

रुपयांचं एक पथ्य आहे. मालकाची विक्री, ग्राहकांची नावं, मार्जिन हे रेझ्युमेत येता कामा नये. अनेक ठिकाणी नोकरीच्या करारातच तसं लिहिलेलं असतं. टक्केवारी, ओळींची संख्या, शाखांची संख्या चालते. आणि यातून मुलाखत घेणाऱ्याला एक गोष्ट आपसूक समजते: ही उद्या आमचे आकडेही बाहेर सांगत फिरणार नाही.

राहता राहिला तो प्रोजेक्ट, ज्यातून काहीच ‘निघालं’ नाही. असे बरेच असतात, आणि त्यांना रेझ्युमेत जागा नाही असं समजून मुलं एखादा आकडा शिजवतात. गरज नाही. वरच्याच फाइलवर कुणी ऋतुमान शोधायला गेला असता तर काय हाती लागलं असतं? वर्षाला थोडे दिवस जास्त एवढाच डेटा, डिसेंबर दोनदा आणि त्यातला एक अर्धवट. दरवर्षी नोव्हेंबरला विक्री चढते का, हे एका नोव्हेंबरवरून ठरत नाही. तरी बुलेट होते: ‘पुढील वर्षाच्या मालखरेदीसाठी मासिक विक्रीचा अंदाज बांधता येतो का तपासलं (पायथन), एकच पूर्ण हंगाम आणि ९ डिसेंबरला तुटलेला शेवटचा महिना असल्याने अंदाज दिला नाही, किमान दोन पूर्ण वर्षांचा डेटा मागितला.’ प्रश्न आहे, साधन आहे, पद्धत आहे, आणि निष्पत्ती ‘नाही’ अशी आहे. यूसीआयवर याच दुकानाची डिसेंबर २००९ पासूनची दुसरी, मोठी फाइलही ठेवलेली आहे, ‘Online Retail II’. मुलाखतीत तिचा विषय निघेल, आणि ती उघडून बघितलेली असेल तर पुढचा अर्धा तास गप्पा त्यावरच होतील.